सरकारची तूट, देशाची तूट: पाच रुपयांचा हिशोब

२०१२-१३ या आर्थिक वर्षात भारताच्या चालू खात्यावर, म्हणजे माल, सेवा आणि घरी पाठवलेले पैसे अशा परदेशाशी होणाऱ्या देवघेवीच्या हिशोबात, ८८.२ अब्ज डॉलरची तूट पडली. जीडीपीच्या हिशोबात ती ४.८ टक्के होती. त्याच वर्षी केंद्र सरकारची राजकोषीय तूट ४.९ टक्के होती. हे दोन आकडे इतके जवळ येणं हा निव्वळ योगायोग. दोन्ही तुटी एकाच काळात फुगल्या, हा मात्र योगायोग नव्हे. अशा जोडीला अर्थशास्त्रात जुळ्या तुटी म्हणतात. सरकारने आपल्या कमाईपेक्षा जास्त खर्च केला तर बंदरात उतरणाऱ्या मालाशी त्याचा काय संबंध, हे समजायला एक छोटं समीकरण लागतं. ते सोपं आहे. अवघड आहे ते त्यातून चुकीचा अर्थ न काढणं.

एक देश घेऊ. तिथे वर्षभरात १०० रुपयांचा माल आणि सेवा तयार होतात. लोक त्यातलं ६० रुपयांचं खातात-पितात-वापरतात. कंपन्या आणि घरं बांधणारे मिळून २५ रुपयांची गुंतवणूक करतात, म्हणजे यंत्रं, इमारती, वाढलेला साठा वगैरे. उरलेलं १५ रुपयांचं सरकार विकत घेतं. सरकारचा करही १५ रुपये आहे. अनुदानं आणि पेन्शन वजा करून उरलेला, असं धरू. लोकांच्या हातात १०० आले, १५ करात गेले, ६० खर्च झाले, २५ शिल्लक राहिले. ही खासगी बचत. सरकारची बचत शून्य. देशाची एकूण बचत २५, गुंतवणूकही २५. आयात आणि निर्यात सारखीच. सगळं जागच्या जागी.

आता सरकार कर न वाढवता आपला खर्च १५ वरून २० करतं. पाच रुपयांची तूट आली, ती कर्ज काढून भागवली. कारखाने पूर्ण क्षमतेने चालू आहेत, उत्पादन १०० च्या वर जात नाही, आणि लोक व कंपन्या आपले बेत बदलत नाहीत. तर देशाची मागणी किती झाली? ६० अधिक २५ अधिक २०, म्हणजे १०५. तयार होतात १००. वरचे पाच बाहेरूनच येणार. निर्यातीपेक्षा आयात पाचाने जास्त होते आणि व्यापारात पाच रुपयांची तूट दिसते.

तेच बचतीच्या बाजूने मोजा. खासगी बचत २५, सरकारची उणे ५, एकूण २०. गुंतवणूक २५. पाच कमी पडले, ते परदेशी बचतीतून आले. ज्या परदेशी व्यापाऱ्याने पाच रुपयांचा माल दिला आणि बदल्यात माल घेतला नाही, त्याच्याकडे आपल्या देशाचं काहीतरी राहिलं: रोखा, शेअर, ठेव, नाहीतर साधी उधारी. म्हणून मालाची तूट आणि बाहेरून आलेलं भांडवल हे एकाच व्यवहाराचे दोन चेहरे आहेत. अक्षरांत मांडायचं तर Y म्हणजे उत्पादन, C लोकांचा खर्च, I गुंतवणूक, G सरकारचा खर्च, T कर, X निर्यात आणि M आयात:

```
Y = C + I + G + (X - M)
(X - M) = (Y - T - C) + (T - G) - I
```

दुसऱ्या ओळीतला पहिला कंस खासगी बचत, दुसरा सरकारची बचत. दोन्हींच्या बेरजेतून गुंतवणूक वजा केली की बाहेरच्या जगाशी असलेला हिशोब उरतो. शाळेतल्या नित्यसमानतेसारखीच ही गोष्ट आहे, ती कधी खोटी ठरू शकत नाही. म्हणूनच तिच्याकडून कारण विचारू नये. ती फक्त सांगते की बेरीज जुळणार. कोण आधी हललं आणि कोण त्यामागे ओढलं गेलं, हे ती सांगत नाही.

वरच्या उदाहरणात मी एक चलाखी केली. सरकार सोडून कुणालाच हलू दिलं नाही. खऱ्या जगात त्या पाच रुपयांना चार वाटा असतात. सरकारने आज काढलेलं कर्ज उद्या करातून फेडावं लागणार म्हणून लोकांनी हात आखडला, खर्च ६० वरून ५५ वर आणला, तर खासगी बचत ३० होते आणि बाहेरून काहीच आणावं लागत नाही. व्याज चढलं म्हणून कंपन्यांनी यंत्रांच्या ऑर्डरी रद्द केल्या, गुंतवणूक २० वर आली, तरी हिशोब जुळतो. कारखाने रिकामे पडले असतील आणि सरकारच्या मागणीने उत्पादनच १०५ झालं, तर वाढलेल्या उत्पन्नातून बचत होते आणि तीच सरकारला कर्जाऊ मिळते. या तीन वाटा बंद असतील, किंवा पुऱ्या पडत नसतील, तेव्हा चौथी उरते: आयात. मोठ्या राजकोषीय तुटीबरोबर व्यापार तूट ‘येऊ शकते’ असं अर्थशास्त्रज्ञ जपून का म्हणतात, ते इथे कळतं. बहुतेक वेळा चारही वाटांनी थोडं थोडं जातं. किती कुठून गेलं, ते आकड्यांत शोधावं लागतं.

भारताचे आकडे पाहण्याआधी एक दुरुस्ती. वर मी ‘व्यापार’ म्हटलं, पण बचतीचा हिशोब प्रत्यक्षात चालू खात्याशी जुळतो, फक्त मालाच्या व्यापाराशी नाही. आपल्याकडे हा फरक मोठा आहे. २०१२-१३ मध्ये मालाच्या व्यापारातली तूट तब्बल १९५.७ अब्ज डॉलर होती. पुण्या-बंगळूरची सॉफ्टवेअर निर्यात, आखातातून घरी येणारे पैसे आणि अशा इतर गोष्टींतून निव्वळ १०७.५ अब्ज आले, तेव्हा कुठे चालू खात्यावरची तूट ८८.२ वर थांबली. दर महिन्याच्या व्यापाराचा आकडा पाहून ‘देश इतक्या कर्जात’ म्हणणाऱ्यांची इथे गल्लत होते.

आता मुख्य गोष्ट. २००७-०८ मध्ये देशाची बचत जीडीपीच्या ३६.८ टक्के होती आणि गुंतवणूक ३८.१ टक्के. फरक १.३, आणि चालू खात्यावरची तूटही १.३ टक्के. पाच वर्षांनी, २०१२-१३ मध्ये बचत ३०.१ आणि गुंतवणूक ३४.८ टक्के होती. फरक ४.७. (हे आकडे २००४-०५ या पायाभूत वर्षाच्या जुन्या मालिकेतले. नव्या मालिकेत बचत आणि गुंतवणूक दोन्ही जवळपास चार टक्क्यांनी वर सरकल्या, पण त्यांच्यातली दरी तशीच राहिली. मालिका बदलली की एक बाजू जुन्यातून आणि दुसरी नव्यातून उचलायची चूक हमखास होते.)

म्हणजे पाच वर्षांत बचत ६.७ टक्क्यांनी घसरली. गुंतवणूक ३.३ ने कमी झाली, तिथे निम्मा खड्डा भरला. उरलेला निम्मा, ३.४ टक्के, बाहेरून आलेल्या पैशाने भरला. वरच्या उदाहरणातली दुसरी आणि चौथी वाट इथे शेजारी शेजारी दिसते.

बचत कुणाची घसरली? घरांची एकूण बचत २२.४ वरून २१.९, म्हणजे नाममात्र. खासगी कंपन्यांची ९.४ वरून ७.१. सार्वजनिक क्षेत्राची, म्हणजे सरकार आणि सरकारी उपक्रम मिळून, ५.० वरून १.२. घसरणीतला निम्म्याहून मोठा वाटा सार्वजनिक क्षेत्राचा आहे. केंद्राची राजकोषीय तूट २००७-०८ मध्ये २.५ टक्के होती, ती पुढच्याच वर्षी ६ वर गेली. शेतकरी कर्जमाफी, सहावा वेतन आयोग, खत आणि इंधनावरचं अनुदान, आणि जागतिक मंदीवर उतारा म्हणून केलेली अबकारी करातली कपात हे सगळं एकाच सुमारास येऊन पडलं.

इथे एक बारकावा पाहण्यासारखा आहे. राजकोषीय तूट सर्वांत मोठी होती २००९-१० मध्ये, ६.५ टक्के. पण त्या वर्षी चालू खात्यावरची तूट २.८ टक्केच होती. बाहेरची तूट कळसाला पोचली तीन वर्षांनी, आणि तेव्हा राजकोषीय तूट ४.९ वर उतरली होती. मग जुळेपण कुठे गेलं? मंदीनंतर कारखान्यांत रिकामी जागा होती, खासगी गुंतवणूक बिचकलेली होती. सरकारच्या जादा खर्चाने ती रिकामी जागा भरली, ही तिसरी वाट होती. २०१०-११ पर्यंत उत्पादन पुन्हा जोरात चालू लागलं, महागाई दोन आकड्यांच्या आसपास रेंगाळली, तरी सरकारने दिलेला आधार पुरेसा मागे घेतला नाही. वाट बंद झाली तेव्हा तीच तूट बाहेर दिसू लागली. तुटीचा आकार जितका महत्त्वाचा, तितकाच ती अर्थव्यवस्थेच्या कोणत्या अवस्थेत आहे, हेही महत्त्वाचं.

पाठ्यपुस्तकात या साखळीचं वर्णन वेगळं असतं, आणि ते अमेरिकेच्या १९८० च्या दशकावरून आलं आहे. १९८१ मध्ये रेगन सरकारने कर कापले, संरक्षणावरचा खर्च वाढवला. १९८३ पर्यंत तूट जीडीपीच्या सहा टक्क्यांच्या आसपास गेली. त्याच वेळी तिथली मध्यवर्ती बँक, फेडरल रिझर्व्ह, महागाई मोडायला व्याज चढं ठेवून होती. चढ्या व्याजाने जगभरचा पैसा डॉलरकडे वळला, १९८५ च्या सुरुवातीपर्यंत डॉलर भलताच महाग झाला, अमेरिकी माल परदेशात विकेना आणि परदेशी माल तिथे स्वस्त वाटू लागला. १९८१ मध्ये जवळपास समतोल असलेलं चालू खातं १९८७ पर्यंत तीन टक्क्यांहून अधिक तुटीत गेलं. तूट, मग व्याज, मग विनिमय दर, मग आयात: ही ती साखळी.

आपल्याकडे २०१२ मध्ये रुपया चढत नव्हता, उलट पडत होता. मग आयात फुगली कशी? दोन रस्त्यांनी, आणि दोन्ही इथल्या मातीतले आहेत.

पहिला डिझेलचा. कच्चं तेल पिंपाला शंभर डॉलरच्या वर होतं, पण पंपावरचा डिझेल, रॉकेल आणि सिलिंडरचा भाव त्या प्रमाणात चढू दिला जात नव्हता. २०१२-१३ मध्ये तेल कंपन्यांची यातली खोट १.६१ लाख कोटी रुपयांची झाली. ती काही सरकारने अनुदानातून भरली, काही सरकारी तेल-उत्खनन कंपन्यांवर टाकली. पहिल्या भागाने राजकोषीय तूट वाढली. आणि पंपावर भाव न कळल्यामुळे डिझेलची मागणीही कमी झाली नाही, म्हणून आयातीचं बिल तसंच राहिलं. एकाच निर्णयाने दोन्ही तुटी वाढल्या. नीट पाहिलं तर इथे एका तुटीने दुसरी जन्माला घातलेली नाही. महाग तेल आणि दाबून ठेवलेला भाव हे दोघींचे आईबाप. जुळी म्हणतात ते या अर्थाने जास्त खरं.

दुसरा रस्ता सोन्याचा. महागाई नऊ-दहा टक्के आणि बँकेतल्या ठेवीवर साधारण तेवढंच व्याज, तेही करपात्र. ठेवीत पैसा ठेवला तर तो आतून झिजत होता. लोक सराफाकडे वळले, जागा-घरांकडे वळले. घरांची एकूण बचत २१.९ टक्के टिकली, पण तिची घडण बदलली. ठेवी, विमा, भविष्य निर्वाह निधी अशी आर्थिक बचत ११.६ टक्क्यांवरून ७.१ वर आली. ही गोष्ट मला सगळ्या आकड्यांत सर्वांत बोलकी वाटते. कारण सरकार आणि कंपन्या यांना कर्ज मिळतं ते घरांच्या आर्थिक बचतीतून. पाटल्या किंवा फ्लॅट त्यांना उसना मिळत नाही. मडक्यातलं पाणी आटत असताना सरकारचा घडा मात्र मोठा झाला. कंपन्यांना मग परदेशी कर्ज काढणं भाग पडलं, किंवा प्रकल्प थांबवणं.

आणि सोनं तर थेट आयातच. २०१२-१३ मध्ये सुमारे ५४ अब्ज डॉलरचं सोनं आलं. चालू खात्यावरच्या ८८ अब्जांच्या तुटीशेजारी हा आकडा ठेवून बघा. राष्ट्रीय हिशोबात यात एक गंमत आहे. घरांनी घेतलेलं सोनं ‘मौल्यवान वस्तू’ या नावाखाली गुंतवणुकीत मोजलं जातं. म्हणजे ‘आपण गुंतवणुकीसाठी बाहेरून पैसा आणतोय, चांगलंच आहे की’ असा युक्तिवाद करणाऱ्याने आधी त्या गुंतवणुकीत कपाटात कुलूपबंद झालेलं किती, ते वजा करून पाहावं. चालू खात्यावरची तूट वाईटच असते असं नाही. वाढत्या देशाने बाहेरच्या बचतीतून वीजकेंद्रं, रस्ते, यंत्रं उभी केली तर त्यातून फेड होते. डिझेल जाळायला आणि सोनं ठेवायला आणलेल्या पैशातून फेड होत नाही.

ही तूट त्या वर्षी भागली कशी? निव्वळ ८९.३ अब्ज डॉलरचं भांडवल देशात आलं म्हणून. चूकभूल धरून परकीय गंगाजळीत चार अब्जांच्या आत भर पडली. जेमतेम तोंडमिळवणी. २२ मे २०१३ ला फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष बेन बर्नान्के यांनी रोखेखरेदी आवरती घेण्याचं सूतोवाच केलं आणि भांडवल उलट फिरलं. ऑगस्टच्या अखेरीस डॉलरला ६८ रुपयांहून अधिक मोजावे लागले. परदेशी बचतीवर टेकून राहण्याचा धोका असा असतो: पैसा थांबला की हिशोब त्याच तिमाहीत जुळवावा लागतो, आणि तो जुळतोच, फक्त कसा हे आपल्या हातात राहत नाही.

पुढच्या वर्षी चालू खात्यावरची तूट १.७ टक्क्यांवर आली. मोठं यश म्हणून ते मांडलं गेलं, आणि एका अर्थी होतंही. पण बचत-गुंतवणुकीच्या तराजूत घालून पाहा. नव्या मालिकेनुसार २०१२-१३ मध्ये बचत ३३.९ आणि गुंतवणूक ३८.७ टक्के होती. २०१३-१४ मध्ये बचत ३२.१ आणि गुंतवणूक ३३.८. बचत वाढली नाही, उलट घटली. दरी मिटली ती गुंतवणूक जवळपास पाच टक्क्यांनी कोसळल्यामुळे. त्यातला काही भाग सोन्याचा: जानेवारी २०१३ मध्ये आयात शुल्क ६ टक्के, जूनमध्ये ८, ऑगस्टमध्ये १०, शिवाय आयात केलेल्या सोन्यातलं वीस टक्के निर्यातदारांसाठी राखायची अट. आयात शुल्काने एरवी चालू खात्यावरची तूट हलत नाही, कारण लोकांची बचत त्याने बदलत नाही. एका मालावर शुल्क लावलं तर पैसा दुसऱ्या मालाकडे जातो. सोन्यापुरतं ते चाललं, कारण सोनं स्वतःच हिशोबात गुंतवणुकीच्या बाजूला बसलेलं होतं. चोरट्या वाटेने आलेलं सोनं अर्थात या आकड्यांत नाही.

उरलेली घसरण मात्र रखडलेल्या प्रकल्पांची होती, आणि त्याबद्दल आनंद मानण्यासारखं काही नव्हतं.

हे सगळं वाचून ‘राजकोषीय तूट वाढली की बाहेरची वाढणारच’ असं गणित कुणी मनात बसवून घेतलं असेल, तर २०२०-२१ हे वर्ष समोर ठेवावं. केंद्राची तूट ९.२ टक्के, २०१२-१३ च्या जवळपास दुप्पट. आणि चालू खात्यावर तूट नाहीच, उलट ०.९ टक्के शिलकी, सतरा वर्षांत पहिल्यांदा. टाळेबंदीत दुकानं, हॉटेलं, प्रवास बंद. ज्यांचा पगार चालू होता त्यांच्याकडे खर्च करायला जागा नव्हती, आणि ज्यांचा नव्हता ते धास्तीने हात राखून होते. घरांची निव्वळ आर्थिक बचत जीडीपीच्या ११ टक्क्यांपलीकडे गेली. कंपन्यांनी नव्या यंत्रांचा विचारही केला नाही. सरकारला लागलेले पैसे देशातच मिळाले. आपल्या उदाहरणातल्या पाच रुपयांनी पहिली आणि दुसरी वाट धरली. चौथीची गरजच पडली नाही.

उलट बाजूनेही तसंच. अमेरिकेचं सरकार १९९८ ते २००१ अशी चार वर्षं शिलकीत होतं, आणि त्याच काळात तिथली चालू खात्यावरची तूट वाढत गेली. संगणक आणि दूरसंचारात गुंतवणूक उसळली होती, आणि शेअर चढल्यामुळे घरांना बचतीची गरज वाटत नव्हती. सरकारने वाचवलं ते दुसऱ्यांनी उडवलं.

म्हणून पुढच्या वेळी दोन्ही तुटी एकदम वाढल्याची बातमी आली की तीन आकडे शेजारी मांडावेत. रिझर्व्ह बँकेच्या तिमाही पत्रकातून चालू खात्यावरची तूट, जीडीपीच्या टक्क्यांत. राष्ट्रीय उत्पन्नाच्या तक्त्यातून गुंतवणूक, त्यातल्या मौल्यवान वस्तू वेगळ्या काढून. आणि घरांची निव्वळ आर्थिक बचत. तिसरा आकडा घसरत असेल आणि कारखाने भरलेले असतील तर सरकारची तूट बाहेर सांडते आहे. तिसरा चढत असेल तर नाही. चालू खात्याचे आकडे तिमाहीनंतर तीनेक महिन्यांत मिळतात, बचतीचे पक्के आकडे मात्र वर्ष उलटून गेल्यावर, आणि तेही पुन्हा सुधारले जातात. तोवर महागाई आणि ठेवीवरचं व्याज यांच्यातलं अंतर, आणि सराफ बाजारातली गर्दी, यांवरून बराच अंदाज येतो.